घड्याळ म्हणतं सोपं, मांड्या म्हणतात अवघड

प्रश्न : मी एकलहरे वसाहतीत राहतो, वय 44, शिफ्टची नोकरी. काही वर्षांपासून नियमित पळतो. पळण्याच्या चाचणीवरून माझा थ्रेशोल्ड 168 ठोके निघाला आणि त्यावरून घड्याळात झोन भरले. झोन 2 म्हणजे 143 ते 150. यंदा सायकल घेतली. ओढ्याच्या बाजूला सपाट रस्त्यावर 145 ठोके धरून चालवतो, तर अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. दम मात्र अजिबात लागत नाही. पळताना याच 145 ला मी तासभर गप्पा मारत जातो. हृदय एकच, ठोकेही तेवढेच, मग हा फरक का? आणि माझा एक सायकलवाला मित्र माझ्याबरोबर पळायला आला, तर त्याचं उलटंच झालं. त्याच्या झोन 2 मध्ये राहायला त्याला चक्क चालावं लागलं!

उत्तर : तुमच्या प्रश्नात ‘तेवढेच’ हा शब्द आहे, आणि सगळी गोम त्यात आहे. ‘तेवढेच श्रम’ तीन प्रकारे मोजता येतात. हृदयाचे ठोके तेवढे, शरीराने घेतलेला ऑक्सिजन तेवढा, किंवा जीवाला जाणवणारा त्रास तेवढा. पळताना तुम्ही या तिन्हींची सांगड वर्षानुवर्षं घातली आहे, म्हणून ती एकच गोष्ट वाटते. सायकलवर बसलात की ती सांगड सुटते. नवख्या सायकलस्वाराला तेवढ्याच ऑक्सिजनला पायांत जास्त त्रास जाणवतो आणि रक्तात लॅक्टेटही जास्त साठतं.

तुमच्या गावातलाच दाखला द्यायचा, तर औष्णिक केंद्रात बॉयलर दणदणीत आहे, पण त्याला जोडलेला टर्बाइन लहान आहे असं समजा. वाफ भरपूर आहे, ती खपवणारं यंत्र कमी पडतंय. पळून पळून तुमचं हृदय तयार झालंय. सायकलच्या कामाला लागणाऱ्या मांड्या अजून तयार नाहीत.

पळताना पिंढऱ्या, मांड्या, नितंब, पाठ, खांदे, हात सगळे कामाला लागतात. शिवाय पाय जमिनीवर पडला की स्नायू आणि स्नायुबंध ताणले जातात आणि त्या ताणातली काही शक्ती पुढच्या पावलाला परत मिळते. सायकलवर वजन सीट पेलते, हात नुसते हँडलवर असतात, आणि कामाचा मोठा भाग मांडीच्या पुढच्या स्नायूंवर व नितंबांवर येतो. तिथे उसळीतून परत मिळणारं फारसं काही नसतं. पॅडलच्या प्रत्येक फेरीत स्नायू आकसून जोर लावतात आणि तो जोर पूर्णपणे त्यांच्याच खात्यातून जातो. थोड्या स्नायूंवर जास्त भार पडला की ते हृदयाच्या आधी थकतात. म्हणूनच जे लोक मुख्यतः पळतात, त्यांचे सायकलवरचे सर्वाधिक ठोके पळण्यापेक्षा साधारण पाच ते दहांनी कमी भरतात. हृदय आणखी धावायला तयार असतं, पायच हात टेकतात.

यात गिअरचाही वाटा आहे, आणि पळणारे इथे हमखास चुकतात. त्यांना जड गिअर टाकून सावकाश पॅडल मारणं ‘ताकदीचं’ वाटतं. समजा, तुम्ही 150 वॉटचं काम करताय. मिनिटाला 90 फेऱ्यांऐवजी 60 फेऱ्यांनी तेच काम केलंत, तर प्रत्येक फेरीत पॅडलवर दीडपट जोर द्यावा लागतो. स्नायू इतका घट्ट आवळला की त्यातून वाहणारं रक्तही अडतं. हलका गिअर टाकून 85-90 फेऱ्यांवर आलात तर पायांचा भार उतरेल आणि ठोके दोन-चारांनी वाढतील. त्या वाढीला घाबरू नका. काम पायांकडून हृदयाकडे सरकल्याची ती खूण आहे. तुमच्या अर्ध्या तासात भरून येणाऱ्या मांड्यांमागे हे कारण कितपत आहे ते एका सकाळीच कळेल.

आता झोनकडे येऊ. झोन म्हणजे कुठल्या तरी छताची टक्केवारी. तुमचं छत आहे थ्रेशोल्ड, म्हणजे साधारण तासभर नेटाने टिकवता येईल इतक्या जोराचे ठोके. हे छत पळण्यात आणि सायकलीत एकाच उंचीवर नसेल, तर त्याखालच्या पायऱ्याही एका उंचीवर असणार नाहीत. तुमच्या पळणाऱ्या पायांचा अंदाज घेऊन सायकलवरचा थ्रेशोल्ड 158 धरून बघू. हा आकडा फक्त उदाहरणासाठी आहे, तुमचा तुम्हीच काढायचा. प्रशिक्षक जो फ्रिएल यांच्या प्रचलित तक्त्यात झोन 2 हा पळण्यासाठी थ्रेशोल्डच्या 85 ते 89 टक्के आहे आणि सायकलसाठी 81 ते 89 टक्के. म्हणजे टक्केवारीसुद्धा दोन्हीकडे सारखी नाही. पळताना 168 च्या हिशेबाने 143 ते 150, हे तुमचं गणित बरोबर आहे. सायकलवर 158 च्या हिशेबाने झोन 2 येतो 128 ते 141. आणि तुम्ही चालवताय 145 वर, म्हणजे थ्रेशोल्डच्या जवळजवळ 92 टक्क्यांवर. सायकलच्या तक्त्यात तो झोन 3 झाला. तुम्ही ज्याला आरामाची फेरी म्हणताय, ती शरीराच्या लेखी चांगली दमवणारी आहे. मांड्या खरं बोलतायत.

मग सरळ दहा ठोके वजा करून मोकळं व्हावं का? नाही. हा फरक कुणाच्याही बाबतीत ठरलेला नाही. तो तुमच्या पायांनी आजवर काय केलंय यावर ठरतो. नाशिकमध्येच दोन्ही टोकं पाहायला मिळतात. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्याचं कांस्य मिळवलं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांचा संघ म्हणून ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. असं एकाच खेळात मुरलेलं शरीर दुसऱ्या खेळात हृदयाला पुरतं कामाला लावू शकेलच असं नाही. उलट, दोन्ही नेमाने करणाऱ्या ट्रायथलॉनपटूंमध्ये हा फरक बराच कमी होतो. तुमचाही होईल. म्हणून आज काढलेला सायकलचा आकडा कायमचा नाही.

चाचणी कशी करायची? अर्धा तास एकट्याने, थांबे, चौक, उतार नसलेल्या रस्त्यावर, तेवढा वेळ टिकेल इतक्या जोरात सायकल चालवायची. दहाव्या मिनिटाला घड्याळाचं लॅपचं बटण दाबायचं. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी म्हणजे तुमचा सायकलचा थ्रेशोल्ड. राखेच्या बल्करची वर्दळ असेल त्या वेळी त्या रस्त्यावर जाऊ नका. प्रत्येक वेळी ब्रेक लावलात की आकडा वाया. आणि नाइट शिफ्ट करून आल्यावर तर चाचणी मुळीच नको, अपुऱ्या झोपेत ठोके नेहमीसारखे वागत नाहीत. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत काही होत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ही चाचणी सोपी नसते.

चाचणी फसली हे आलेखावरून कळतं. शेवटच्या दहा मिनिटांत ठोके खाली घसरले, तर सुरुवात जास्त जोरात झाली आणि पाय संपले. ठोके शेवटपर्यंत चढत राहिले आणि शेवटच्या दोन मिनिटांत तुम्ही सहज वेग वाढवू शकलात, तर हात राखून चालवलंत. दोन्ही वेळा आकडा सोडून द्या आणि आठवड्याने पुन्हा करा.

त्याआधी मात्र तुमचा 168 सुद्धा तपासा. मनगटावरच्या घड्याळाचा उजेडाने ठोके मोजणारा सेन्सर पळताना कधी कधी हृदयाऐवजी पावलांची लय पकडतो. मिनिटाला 165-170 पावलं टाकणाऱ्याला तो खुशाल 168 ठोके दाखवत राहतो. पळायला सुरुवात करताच काही सेकंदांत ठोके 165 वर उडाले आणि मग रेघ सपाट राहिली, तर संशय घ्या. सायकलवर दुसरी अडचण आहे. हँडल घट्ट धरल्याने मनगट वाकतं आणि खड्ड्यांचे धक्के बसतात, त्यामुळे आकडा कधी कधी गायबच होतो. छातीचा पट्टा वापरा. दोन्ही खेळांची तुलना करायची असेल तर एकच पट्टा दोन्हीकडे हवा.

आणखी एक भानगड म्हणजे सरासरी. पळताना पाय थांबले की तुम्हीही थांबता. सायकल मात्र पॅडल न मारता पुढे जाते. उतारावर आणि सिग्नलला ठोके 110 वर येतात, चढाला 155 वर जातात, आणि घरी आल्यावर घड्याळ म्हणतं सरासरी 132, झोन 2! ते काही खरं नसतं. सायकलची फेरी सरासरीवरून जोखू नका, किती वेळ कुठल्या झोनमध्ये गेला ते बघा. वाऱ्याचाही फरक पडतो. ताशी 25 किलोमीटरने जाताना अंगावरचा घाम आपोआप वाळतो, पळताना तेवढा वारा मिळत नाही. एप्रिलच्या उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच वेगाला ठोके हळूहळू चढत जातात. पळताना हे चढणं लवकर दिसतं. घरात ट्रेनरवर पंख्याशिवाय सायकल चालवलीत तर सायकलवरही दिसेल. म्हणजे बाहेरच्या सायकलीचे झोन घरातल्या सायकलीलाही जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दोन्हीकडे बऱ्यापैकी चालणारी एकच कसोटी माझ्या मते आहे, ती म्हणजे बोलणं. पूर्ण लांबीची दोन वाक्यं मध्ये श्वास न तोडता बोलता आली, तर पळताना काय आणि सायकलवर काय, तुम्ही सोप्या हद्दीत आहात. पण तुमच्या बाबतीत एक पुस्ती जोडतो. सायकलवर दम न लागताही मांड्या पेटत असतील, तर बोलण्याची कसोटी पास होऊनही वेग कमी करा आणि गिअर हलका करा.

आता मित्राचं. त्याला चालावं लागलं यात नवल नाही. सायकलला हवी तेवढी खालची पायरी मिळते. पळण्याला नाही. ताशी 8 किलोमीटरच्या अगदी संथ जॉगिंगलाही बसल्या जागेच्या आठ-नऊपट ऑक्सिजन लागतो. त्याखाली गेलं की ते चालणंच होतं. वर त्याने सायकलची कमी असलेली हद्द पळण्याला लावली, म्हणजे छप्पर खाली आणि जमीन वर! त्याला सांगा, पळण्याचे झोन वेगळे काढ, पण घाईने नको. त्याचं हृदय तासभर पळायला तयार असेल, पण नडगी आणि टाचेच्या शिरेला धक्के खायची सवय नाही. पहिले दोन महिने त्याने ठोक्यांकडे बघूच नये. दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं आलटून पालटून करावं. नडगी दुखली तर तो दिवस सायकलला द्यावा. तोपर्यंत तुमच्या सायकलची पहिली चाचणी होऊन सहा-आठ आठवडे झालेले असतील. तेव्हा ती पुन्हा करा आणि नवा आकडा फक्त सायकलच्या खान्यात भरा. बहुतेक चांगल्या घड्याळांत दोन्ही खेळांचे झोन वेगवेगळे ठेवायची सोय असते.