उपकरण-एकके आणि निचरानळांचा व्यास

इमारतीतील सांडपाणी वाहून नेणारा नळ किती व्यासाचा असावा, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. प्रत्येक बेसिन, टब व शौचकूप किती पाणी सोडतो ते मोजावे, सर्वांची बेरीज करावी आणि तेवढे पाणी मावेल असा नळ घ्यावा, असे कोणालाही सुचेल. परंतु या रीतीने निघणारा नळ अवाढव्य असतो, कारण घरातील सर्व उपकरणे एकाच क्षणी कधीच वाहत नाहीत. खरा प्रश्न आहे तो हा की, एकाच वेळी त्यांपैकी किती वाहतील असे धरावे?

या प्रश्नाला गणिती उत्तर दिले ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील रॉय हंटर यांनी. 1940 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात संभाव्यतेच्या नियमांचा आधार घेतलेला आहे. त्यांची विचारसरणी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गर्दीच्या वेळी एक शौचकूप दर पाच मिनिटांनी एकदा वापरला जातो आणि त्याचा झोत 9 सेकंद टिकतो, असे समजू. म्हणजे कोणत्याही क्षणी तो वाहत असण्याची शक्यता 300 त 9, अर्थात शंभरात तीन. आता हंटर यांची कसोटी अशी की, गृहीत धरलेला भार शंभरातील एका वेळेपेक्षा अधिक वेळा ओलांडला जाता कामा नये. हा हिशेब केला असता 10 शौचकूपांसाठी एकाच वेळी 2 वाहतील असे धरावे लागते, तर 100 शौचकूपांसाठी केवळ 8. उपकरणे दसपट झाली, तरी भार चौपटच झाला.

एककाची कल्पना

हे गणित प्रत्येक इमारतीसाठी नव्याने मांडणे कारागिराला शक्य नव्हते. शिवाय इमारतीत निरनिराळ्या जातींची उपकरणे एकत्र असतात. म्हणून प्रत्येक उपकरणाला त्याच्या भाराप्रमाणे एक अंक देण्यात आला. तोच उपकरण-एकक होय. मुळात एक एकक म्हणजे हात धुण्याच्या बेसिनचा विसर्ग, मिनिटाला सुमारे 1 घनफूट किंवा 28 लिटर. परंतु एकक हे प्रवाहाचे माप नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ते एक वजन आहे. विसर्गाचा वेग, त्याचा कालावधी आणि वापराची वारंवारता ही तिन्ही त्यात सामावलेली असतात. एककांची बेरीज सरळ करावयाची असते. उपकरणे एकाच वेळी वाहत नाहीत, ही गोष्ट नळांच्या कोष्टकात आधीच जमेस धरलेली असते.

अमेरिकेत प्रचलित असलेल्या एका प्रमुख संहितेनुसार घरगुती बेसिनला 1 एकक, टबला 2, स्वयंपाकघरातील सिंकला 2 आणि 6 लिटर पाण्याच्या शौचकूपाला 3 एकके दिलेली आहेत. शौचकूप, बेसिन व टब एकाच न्हाणीघरात असतील, तर त्या संचाला 6 ऐवजी 5 च एकके धरतात. कारण उघड आहे: एका न्हाणीघरात सामान्यतः एका वेळी एकच माणूस असतो.

एक इमारत

आता चार मजल्यांची एक इमारत घेऊ. प्रत्येक मजल्यावर दोन बिऱ्हाडे एकाच उभ्या नळाला जोडलेली आहेत, आणि प्रत्येक बिऱ्हाडात एक न्हाणीघर व एक सिंक आहे. एका बिऱ्हाडाची एकके 5 अधिक 2, म्हणजे 7 होतात.

प्रथम आडवा शाखानळ पाहू. कोष्टकाप्रमाणे 2 इंची शाखानळ 6 एकके, अडीच इंची 12 आणि 3 इंची 20 एकके वाहू शकतो. 7 एककांना अडीच इंची नळ पुरेसा दिसतो. परंतु शौचकूपाचे पाणी वाहणारा नळ 3 इंचांहून लहान असू नये असा स्वतंत्र नियम आहे. तेव्हा शाखानळ 3 इंचीच हवा. कोष्टकातील अंक आणि किमान व्यास या दोन अटींपैकी जी कडक असेल ती पाळावयाची, हा येथील धडा होय.

उभ्या नळावर दर मजल्याला 14, आणि एकूण 56 एकके येतात. तीनपेक्षा अधिक मजल्यांच्या शाखा घेणाऱ्या 3 इंची उभ्या नळाला एका मजल्यावर 20 व एकूण 72 एककांची मर्यादा आहे. म्हणून तो नळ अंकांच्या दृष्टीने चालतो. काही संहिता मात्र 3 इंची नळावर किती शौचकूप जोडावेत यावर वेगळी मर्यादा घालतात. येथे ते आठ आहेत, हे तपासूनच पुढे जावे.

अशा दोन उभ्या नळांचे पाणी जमिनीखालील मुख्य निचरानळात येते, असे समजू. त्यावरचा भार 112 एकके झाला. येथे उताराचा प्रश्न येतो. फुटाला एक अष्टमांश इंच उतार असता 3 इंची नळ 36 एकके वाहतो, तर 4 इंची नळ 180. म्हणून 4 इंची, म्हणजे सुमारे 100 मिलिमीटर व्यासाचा नळ योग्य ठरतो. 40 फूट लांबीत त्याला 5 इंच उतार द्यावा लागेल. आता गंमत अशी की, हा नळ काठोकाठ भरला तरी मिनिटाला सुमारे 300 लिटर पाणीच वाहील. आणि 112 एककांचा अर्थ शब्दशः घेतला, तर 3,100 लिटरांहून अधिक पाणी येते! सर्व उपकरणे एकदम वाहणार नाहीत, या विश्वासावर ही सारी रचना उभी आहे.

पुढे आणखी एक उभा नळ जोडला, तर भार 168 होईल व नळ निभावून नेईल. चौथा जोडताच 224 होतील. तेव्हा उतार दुप्पट केला, तरी 4 इंची नळाची मर्यादा 216 च राहते. मग 5 इंची नळ घालावा, किंवा जागा असल्यास उतार फुटाला अर्धा इंच करावा. तेथे मर्यादा 250 आहे.

मर्यादा व दोष

नळ लहान पडला, तर तो भरून वाहतो आणि त्यातील हवेला वाट उरत नाही. मग उपकरणाखालच्या ट्रॅपमधील पाणी, जे गटारातील वायूला अडवून धरते, ते खेचले जाते. वरच्या मजल्यावर पाणी सोडताच खालच्या बेसिनमध्ये गुडगुड आवाज येणे व पाठोपाठ दुर्गंधी येणे, ही त्याची खूण होय. हा त्रास फक्त सकाळच्या गर्दीतच होत असेल, तर भार अधिक असल्याचा किंवा वायुनलिका अपुरी असल्याचा संशय घ्यावा. एकच उपकरण वाहत असतानाही होत असेल, तर नळ कोठेतरी तुंबला आहे असे समजावे.

म्हणून मोठाच नळ घालावा, हाही उपाय नव्हे. रुंद नळात पाण्याचा थर पातळ होतो आणि घन पदार्थ मागे राहतात. शौचकूपांचे पाणी कमी होत गेले तसा हा धोका वाढला आहे.

शेवटी, उपकरणे परस्परांपासून स्वतंत्रपणे वापरली जातात हे या पद्धतीचे मूळ गृहीत आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत किंवा नाट्यगृहाच्या मध्यंतरात ते खरे राहत नाही. सार्वजनिक शौचकूपाला 3 ऐवजी 4 एकके देतात ती त्याच्या वाढत्या वापरासाठी, पण घंटा वाजताच उसळणाऱ्या गर्दीचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही उपकरण-एककांची पद्धत आहे. मात्र एका संहितेतील एकके दुसरीच्या कोष्टकात कधीही घालू नयेत. एकक आणि कोष्टक यांना अर्थ असतो तो एकत्र असतानाच.