हलक्या धावेनंतरचे शंभर मीटर

भंडारा जिल्ह्यात धावणारी बहुतेक पोरं भरतीसाठी धावतात. लाखनी, साकोली, पवनी, तुमसर, कुठेही पहाटे पाचला रस्त्यावर या, ती दिसतील. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 असे 50 गुण. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. मीही याच रस्त्यांवर धावलो, आता सकाळी लहान पोरांसोबत ग्राउंडवर असतो. 1600 आणि 100 मीटर एकाच दिवशी द्यावे लागतात. त्यामुळेच आपल्याकडे स्ट्राइडचा हमखास विचका होतो.

स्ट्राइड म्हणजे हलकी धाव संपल्यावर मारलेले 80 ते 100 मीटरचे चार-सहा सुटे तुकडे. वेग हळूहळू वाढवायचा, थोडा वेळ टिकवायचा, मग हळूहळू उतरवायचा. एकेका तुकड्याला वीसेक सेकंद लागतात. आमच्या गटाने हे कुठूनतरी ऐकलं आणि त्याचं केलं काय, तर पाच किलोमीटर जॉगिंग, त्यानंतर रेघ ओढून शंभर मीटरची शर्यत. एक जण टाळी वाजवणार, बाकीचे सुटणार. शर्यतही होते आणि 100 मीटरची तयारीही, मग वेगळं कशाला करायचं, असा हिशेब.

अशाच एका शर्यतीत माझ्या उजव्या मांडीच्या मागे काहीतरी चटकन ओढलं गेलं. शेजारच्याला गाठण्यासाठी मी टाच शक्य तितकी पुढे फेकत होतो. मांडीमागचा स्नायू, ज्याला सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, बहुतेक वेळा नेमका तिथेच फाटतो. पाय हवेतून पुढे येत असतो, गुडघा उलगडत असतो आणि जमिनीला लागण्याआधी त्या पायाला आवरण्याचं काम हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत करत असतो. वेग पूर्ण असला की हा भार सर्वांत जास्त असतो. त्यात पाय थकलेले आणि पाऊल लांब टाकण्याची हौस. दोन दिवसांनी दुखणं कमी झालं म्हणून मी पुन्हा सुटलो आणि पुन्हा तिथेच ओढलं. ती भरती गेली.

म्हणून आता पोरांना आधी आकडा काढायला लावतो. समजा, एखाद्याचे 1600 मीटर सहा मिनिटांत होतात आणि त्याला साडेपाचवर यायचं आहे. साडेपाच मिनिटं म्हणजे 330 सेकंद. त्यांना सोळाने भागा, म्हणजे दर शंभर मीटरला साधारण साडेवीस सेकंद. त्याची स्ट्राइड याच वेगाची, फार तर किंचित जास्त. हाच पोरगा जीव तोडून शंभर मीटर मारेल तेव्हा चौदा सेकंदांत पोचेल. चौदा आणि वीस यांच्यामध्ये मोठी दरी आहे. चौदावाला सराव वेगळा: तो ताज्या पायांनी, पूर्ण वॉर्मअप करून, वेगळ्या दिवशी करायचा. पाच किलोमीटरच्या शेपटाला बांधायचा नाही.

इतक्या सावकाश पळून काय मिळणार, असं पोरं विचारतात. एकाने तर सरळच म्हटलं, ‘‘भाऊ, दम तं लागतच नाही, मंग याचा फायदा का?’’ दम लागत नाही, हाच तर मुद्दा आहे. रोज एकाच मंद चालीने पळणाऱ्याचे पाय त्या मंद चालीपुरतेच तयार होतात. पाऊल जमिनीवर जास्त वेळ टेकतं आणि जोरकस स्नायूतंतू झोपलेले राहतात. स्ट्राइडमध्ये ते जागे होतात, घोट्यामागची शीर स्प्रिंगसारखी ताणते-सुटते, पाऊल पटकन उचललं जातं. ही सवय मुरली की तोच वेग कमी प्राणवायूत निघतो. धावण्याची काटकसर म्हणतात ती हीच.

1999 मध्ये फिनलंडच्या पावोलाइनेन आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या धावपटूंवर हे तपासलं. नऊ आठवडे त्यांच्या सरावाचा जवळपास तिसरा हिस्सा छोटे स्प्रिंट, उड्या आणि झटक्याच्या वजनी व्यायामांना दिला. पाच किलोमीटरची वेळ सुधारली, काटकसर वाढली, मात्र प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता वाढली नाही. यातलं सगळं श्रेय छोट्या धावांना देता येत नाही, कारण उड्या आणि वजनंही सोबत होती. तरी दम न वाढवता वेग वाढू शकतो, एवढं त्यातून दिसतं. आणि ज्याचा पायाच कच्चा आहे, दोन किलोमीटरही सलग पळवत नाहीत, त्याने आधी हलकी धाव वाढवावी. स्ट्राइड त्याचं काम करणार नाहीत.

चारशे मीटरचा ट्रॅक मिळाला तर काम सोपं. सरळ भाग सुमारे 84 मीटरचा असतो, त्यावर स्ट्राइड. वळणावर चालत जायचं. चालण्यात मिनिटभराहून जास्त वेळ जातो, तेवढा हवाच. श्वास पूर्ण खाली आल्याशिवाय पुढची सुरू करायची नाही. साडेपाच मिनिटंवाल्याला हा सरळ भाग सतरा-अठरा सेकंदांचा. पहिला तिसरा हिस्सा वेग चढवण्यात, मधला टिकवण्यात, शेवटचा उतरवण्यात. ब्रेक मारल्यासारखं एकदम थांबायचं नाही. पाऊल शरीराच्या खाली पडू द्या, पुढे फेकू नका. वेग पावलं लवकर उचलून येऊ द्या. जबडा आणि खांदे सैल ठेवा.

पहिल्या पंधरवड्यात आठवड्यातून दोनदा, चार-चार पुरे. पुढे सहापर्यंत, आठवड्यातून तीनदा. गावात ट्रॅक नसेल तर मुरूम दाबलेला सपाट पांदण रस्ता उत्तम. वैनगंगेच्या रेतीत करू नका, पाय घसरतो आणि स्प्रिंग मरते. डांबरी रस्त्याचा कडेचा उतारही वाईट, एकाच बाजूला भार येतो. ज्याची मांडी आधी दुखावली आहे त्याला मी मामा तलावाच्या पाळीवर चढणाऱ्या सौम्य चढावर पाठवतो. चढावर पाऊल आपोआप आखूड पडतं आणि हॅमस्ट्रिंग कमी ताणलं जातं. खाली मात्र चालत यायचं.

रोवणीच्या दिवसांत हा भाग सोडून द्या. दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावलेल्या मांड्या आधीच ओढलेल्या असतात, त्यांना संध्याकाळी वेग मागणं बरं नाही. हलकं पळा आणि घरी जा.

गडबड कशी ओळखायची? शेवटची स्ट्राइड पहिलीइतक्याच वेळेत आणि तितकीच सहज झाली पाहिजे. पावलांचा आवाज थपथप यायला लागला, खांदे कानाकडे चढले, की त्या दिवशी तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्या जड वाटल्या तर तो सरावाचा शीण. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ निघाली तर ती इजा. ओढून-ताणून ती मोकळी करायच्या भानगडीत पडू नका, डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. परतताना आधी न दुखता भरभर चालणं, मग हलकी धाव, आणि स्ट्राइड सगळ्यांत शेवटी, तीही अर्ध्या वेगाने.

भरतीच्या दोन दिवस आधी शेवटच्या चार करा. प्रत्यक्ष मैदानावर रांगेत तासन्‌तास बसावं लागतं, पाय थंड पडतात. आपल्या बॅचचा नंबर जवळ आला की पाच-सात मिनिटं हलकं पळा आणि जागा मिळाली तर 60-70 मीटरच्या दोन-तीन स्ट्राइड मारा. त्या 1600 च्या वेगानेच, कारण तिथे शेजारचा पोरगा वॉर्मअपमध्येच शर्यत लावणार हे नक्की.