विनंती ‘कृपया’त नाही, क्रियापदात असते

उर्दू शाळेत शिकून मराठी बाजारात उतरणाऱ्या आपल्या मुलांची एक अडचण मी नेहमी पाहतो. इंग्रजीतले ‘कुड यू प्लीज’ मराठीत आणताना ते म्हणतात, ‘कृपया तुम्ही थान दाखवू शकता का?’ व्याकरण बरोबर आहे, पण काउंटरवर असे कोणी बोलत नाही. ‘कृपया’ पाटीवर आणि पत्रात शोभते. ‘शकता का’ म्हणजे तुमच्यात ती ताकद आहे का, असा अर्थ निघतो. ‘शुक्रवारपर्यंत ५० थान देऊ शकाल का?’ असे विचारणे योग्य, कारण तिथे खरोखर कुवतीचा प्रश्न आहे. ‘मेहरबानी करके’चे ‘मेहरबानी करून’ केले तर ते वैतागून बोलल्यासारखे वाटते.

मराठीत अदब क्रियापदाच्या रूपात असते. दुकानदाराला ‘दाखवा’ म्हटले तरी चालते, तो हुकूम होत नाही. ‘जरा ते निळे थान दाखवता का?’ म्हटले की बोलणे मऊ होते. ‘दाखवाल का?’ त्याहून नरम. ‘जरा’ हा छोटा शब्द ‘प्लीज’चे बरेचसे काम करतो. मात्र ओळख नसताना ‘दाखव’ म्हणू नये, समोर काउंटरवरचा पोरगा असला तरी.

साहेबांशी बोलताना काम त्यांच्यावर टाकू नये, आपली गरज सांगावी. ‘सही करा’ऐवजी ‘साहेब, या चलनावर सही हवी होती’ म्हणावे. गरज आताचीच आहे, पण ‘होती’ने दडपण कमी होते. रजेसाठी ‘उद्या सुट्टी मिळेल का?’ आणि मोठ्या कामासाठी ‘सवड झाली की हा हिशोब बघाल का?’ एवढे पुरे.

आता ‘आप’ची गोष्ट. उर्दूतला रोजचा ‘आप’ म्हणजे मराठीतला ‘तुम्ही’. ‘आपण’ फार औपचारिक आहे, शिवाय त्याचा दुसरा अर्थ ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असा होतो. माझीच चूक सांगतो. एका व्यापाऱ्याला मी अदबीने चिठ्ठी लिहिली, ‘माल तयार आहे, गाडीची सोय आपण करावी.’ माझ्या मनात ‘तुम्ही’ होते, त्यांनी ‘दोघांनी ठरवून’ असे वाचले. ते माझ्या निरोपाची वाट पाहत बसले, मी त्यांच्या गाडीची. माल दोन दिवस गोदामात पडून राहिला. ‘गाडी तुम्ही पाठवाल का?’ एवढे लिहिले असते तर अदबही राहिली असती आणि मालही वेळेवर निघाला असता.

तेव्हा चिठ्ठी लिहून झाली की एकदा मोठ्याने वाचावी. काम कोणी करायचे हे ऐकणाऱ्याला लगेच कळले नाही, तर ‘आपण’ काढून ‘तुम्ही’ घालावे.