‘नॉर्मल आहे, मॅडम’

फिलर भरल्यावर ओठ सुजतात, निळे-काळे पडतात, हे सगळेच सांगतात. ओठ पांढरा पडला तर काय करायचं, हे अंधेरीच्या त्या क्लिनिकमध्ये मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा तमाशा टळला असता. त्यांच्या लेखी अजूनही ‘पेशंट पॅनिक झाली’ एवढंच घडलंय, म्हणून हे लिहितेय.

हनुवटीत एक मिली आणि ओठांत अर्धा, असं ठरलं होतं. हे हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळात असतोच. सिरिंजमधला लवकर विरघळू नये म्हणून त्याचे धागे एकमेकांत गुंफलेले असतात. गालांत आणि हनुवटीत घट्ट जेल हाडालगत खोल भरतात, ते साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतं. ओठांतलं मऊ असतं, सहा महिने ते वर्षभर. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस ओठ भलतेच मोठे दिसतात आणि खरा आकार दोनेक आठवड्यांनी कळतो. लग्नकार्य असेल तर महिनाभर आधी करा. हनुवटी फारच मागे असेल तर फिलरने ती पुढे येत नाही. पण हे सांगितलं तर सिरिंज कशी खपणार?

फिलर भरून मेट्रोने घाटकोपरला येताना मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहिलं. वरच्या ओठाची उजवी बाजू खडूसारखी पांढरी. फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "नॉर्मल आहे मॅडम, बर्फ लावा." डॉक्टरांना द्या म्हटलं, तर "सर प्रोसीजरमध्ये आहेत". सर रात्रीपर्यंत प्रोसीजरमध्येच होते.

तोवर दुखत नव्हतं, कारण जेलमध्येच बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं. मुलुंडला घरी पोहोचले तेव्हा त्याचा असर उतरला आणि ठणका सुरू झाला. सुजेचं दुखणं असं नसतं. पांढऱ्या जागी आता जांभळी जाळी उमटली होती, ओठावरून नाकपुडीकडे चढणारी. माझी वहिनी नर्स आहे. तिने ओठ बोटाने दाबून सोडला आणि मोजायला लागली. रंग दोन सेकंदांत परत यायला हवा, तो येईचना. "बर्फ काढ आधी," ती ओरडली. बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. इथे जेलने ओठाची धमनीच अडवली होती आणि पुढच्या कातडीला रक्त मिळत नव्हतं. अशा वेळी कोमट शेक द्यायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा. उशीर झाला तर तेवढी कातडी मरते.

जवळच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी दवाखाना बंद करता करता मला आत घेतलं. पहिला प्रश्न, "फिलर कुठला?" खोक्यावर बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते पेशंटच्या फाइलला लावायचं असतं. मला काहीच दिलेलं नव्हतं. हे विचारायचं कारण असं, की हायल्युरॉनिडेज नावाचं इंजेक्शन फक्त हायल्युरॉनिक अ‍ॅसिड विरघळवतं. कॅल्शियमचं किंवा सिलिकॉनचं फिलर असेल तर त्याचा उपयोग नाही. नशिबाने क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये ब्रँडचं नाव सापडलं. बाईंच्या फ्रिजमध्ये 1500 युनिटच्या कुप्या होत्या. तासातासाने टोचत, दाबून रंग बघत राहिल्या. ओठ गुलाबी झाला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. अंधेरीच्या क्लिनिककडे हे इंजेक्शन ठेवलेलंच नव्हतं, हे मला नंतर कळलं.

जुलै 2025 मध्ये उर्फी जावेदने आपले ओठांतले फिलर विरघळवून घेतानाचा सुजलेला चेहरा सगळ्यांना दाखवला. तेव्हापासून आमच्या सोसायटीत जो तो म्हणतो, आवडलं नाही तर विरघळवता येतं की. येतं. पण आकार आवडला नाही म्हणून सवडीने विरघळवणं वेगळं आणि रक्त अडलंय म्हणून घड्याळाशी झुंजणं वेगळं. माझ्या ओठाच्या कडेची कातडी तरीही सोलली, फिकट डाग राहिलाय. हनुवटी चांगली झाली, हे कबूल करते, जिवावर आलं तरी.

जाणारच असाल तर आधी विचारा: हायल्युरॉनिडेज इथे फ्रिजमध्ये आहे का, आणि रात्री फोन कोण उचलणार? डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर बघा. फिलरनंतर नजर धूसर झाली, विशेषतः नाकाजवळ किंवा भुवयांमध्ये टोचल्यावर, तर क्लिनिकला फोन करत बसू नका, थेट डोळ्यांचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा. आणि संमतीचा फॉर्म बधिर करणारं क्रीम लावायच्या आधी मागून घ्या. माझ्याकडून सही घेतली तेव्हा तोंडाला क्रीम, डोळ्यावर चष्मा नाही आणि फॉर्म बारीक इंग्रजीत. पैसे परत मागितले तर त्याच सहीचा फोटो पाठवला, आणि खाली पुढच्या सिटिंगवर सूट.