दरबाराविना इतिहास : एका संहितेची पुनर्रचना

वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघास दान दिले, हे तेथील शिलालेखावरून कळते. या विषयावर आम्ही एक संहिता लिहिली होती. तीत भव्य दरबार होता, 11 पात्रे होती. स्टुडिओतील नेपथ्य व दोन कॅमेरे गृहीत धरले होते. तेवढा पैसा उभा राहिला नाही. तेव्हा एकाच विद्यार्थिनीने एका मोबाइलवर ती चित्रित करावी, असे ठरले.

प्रथम आम्ही केवळ पात्रे कमी केली. राजा आणि मंत्री या दोन्ही भूमिका तिनेच केल्या. जोडून पाहिले, तर दोघेही डावीकडेच पाहत होते. ते परस्परांशी बोलत आहेत असे वाटेना. शिवाय दुसरी भूमिका होईपर्यंत ऊन सरकले होते आणि एकाच दरबारात दोन वेळांचा उजेड दिसत होता.

मग प्रत्येक प्रवेशासमोर आम्ही एकच वाक्य लिहिले : हा प्रवेश संपल्यावर प्रेक्षकास काय कळले पाहिजे? दरबाराच्या प्रवेशाचे उत्तर असे आले : लेण्याचा दाता राजा नव्हे, मंत्री होता, आणि त्याचा राजा आपल्या गावच्या राजवंशातील होता. यासाठी सिंहासन लागत नाही. राजा-मंत्र्यांचा संवाद तर आमचीच कल्पना होती. शिलालेखात तो नाही. तो गाळल्याने संहिता पुराव्याच्या अधिक जवळ आली.

नव्या संहितेत एक पाटी, एक खडू, एक नकाशा आणि निवेदन एवढेच उरले. विद्यार्थिनी पाटीवर ब्राह्मी लिपीत ‘हरिषेण’ हे नाव अक्षर-अक्षर लिहिते व निवेदनातून त्याचा परिचय होतो. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर पट्टी आडवी ठेवून तिच्यावर मोबाइल पडदा वर आणि कॅमेरा खाली येईल असा ठेवला. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने खिडकी डावीकडे ठेवावी, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व उजेड स्थिर करावा. अन्यथा हात आत येताच चित्र उजळते वा काळवंडते. पाटीची सर्व दृश्ये एका बैठकीत घ्यावीत, मग त्यांचा क्रम कोणताही असो.

निवेदन मात्र निराळे ध्वनिमुद्रित करावे. पत्र्याच्या वर्गात आवाज घुमतो. एक टाळी वाजवून पाहावी. ती मागे रेंगाळली तर खोली बदलावी. आम्हांस वसतिगृहातील गोधड्यांची खोली उपयोगी पडली.

या पद्धतीस मर्यादा आहे. पाटीवर गर्दी वा युद्ध दाखविता येत नाही. तेथे एक नेमके वाक्य लिहावे आणि पुढे जावे. दोन विद्यार्थिनींना घेऊन दरबार उभारल्याचा आव आणू नये.