लिंक पाठवली, पण आजी आल्या का? ऑनलाइन आरोग्य बैठकीचा निरोप कसा लिहावा

वस्तीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली आरोग्याच्या बैठकीची लिंक येते. खाली एवढेच लिहिलेले असते, ‘उद्या ११ वाजता, सर्वांनी जॉइन व्हा.’ शिकलेली मुले चटकन आत जातात. पण ज्यांच्यासाठी बैठक ठेवलेली असते ती वयस्कर माणसे बाहेरच राहतात. त्यांना ऐकायचे नसते असे नाही. आत कसे जायचे ते त्या निरोपात लिहिलेले नसते, म्हणून त्या राहतात. हा निरोप कसा लिहावा ते या वेळी एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, विष्णुपुरीच्या वस्तीत मधुमेह असलेल्यांसाठी ‘पायांची काळजी’ या विषयावर डॉक्टरांशी बैठक ठेवायची आहे. काही जण विष्णुपुरीचे, काही कंधार-लोह्याकडचे नातेवाईक, एखादी बहीण लातूरची. रोजमजुरी बुडवून सगळ्यांनी एका ठिकाणी जमणे कठीण, म्हणून बैठक फोनवर. विषय मात्र महत्त्वाचा आहे. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला, चप्पल लागली किंवा उन्हात तापलेल्या फरशीने चटका बसला तरी कळत नाही. जखम दुखत नाही म्हणून कुणी पाहत नाही आणि ती आतून चिघळत जाते. ज्या आजींना हे कळायला हवे त्याच बाहेर राहिल्या, तर बैठक भरून उपयोग काय?

पहिली गोष्ट वेळेची. निरोपात ‘उद्या’ लिहू नये. निरोप पुढे पाठवला जातो, कुणी तो दोन दिवसांनी उघडतो आणि त्याचा ‘उद्या’ वेगळाच होतो. वार, तारीख आणि सकाळ की संध्याकाळ हे तिन्ही लिहावे. वेळ निवडताना फोनच्या रिचार्जचाही विचार करावा. आपल्याकडे बहुतेकांचा रोजचा ठरावीक डेटा असतो. तो रात्री बारानंतर नवा मिळतो आणि घरातल्या मुलांनी व्हिडिओ पाहिले की संध्याकाळपर्यंत संपतो. मग चित्र अडकते, आवाज तुटतो. म्हणून सकाळची वेळ बरी.

किती वेळ चालेल तेही लिहावे. गुगल मीटवर पैसे न भरता घेतलेली तीन किंवा अधिक माणसांची बैठक एक तासापर्यंतच चालते. हा तास बैठक सुरू होते तिथून मोजला जातो, डॉक्टर बोलायला लागतात तिथून नाही. म्हणून अकराची बैठक साडेदहालाच उघडून गप्पा मारत बसलो, तर डॉक्टरांचे बोलणे मध्येच तुटेल. दहा पन्नासला उघडावी आणि पावणेबाराला संपवावी.

दुसरी गोष्ट लिंकची. लिंक निरोपात एकटी, वेगळ्या ओळीवर असावी. रंगीत पोस्टरच्या चित्रात छापलेली लिंक बोट लावून उघडत नाही, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पोस्टर पाठवायचे असेल तर पाठवा, पण लिंक खाली अक्षरांत द्या. मीटची लिंक लहान असते आणि तिच्या शेवटी अक्षरांचे तीन गट असतात. कॉपी करताना शेवटचे एक अक्षर जरी सुटले तरी बैठक सापडत नाही. पाठवण्याआधी दुसऱ्या फोनवर ती स्वतः उघडून पाहावी. निरोप पाठवणाऱ्याचा नंबर समोरच्याकडे सेव्ह नसेल, तर व्हॉट्सॲपवरची लिंक कधी कधी दाबूनही उघडत नाही. अशा वेळी आधी नंबर सेव्ह करायला सांगावे.

तिसरी गोष्ट पायऱ्यांची. इथे ‘लिंकवर क्लिक करून जॉइन व्हा’ एवढे पुरत नाही. पडद्यावर पुढे काय दिसेल आणि कुठे बोट लावायचे, हे त्याच क्रमाने सांगावे लागते. फोनवर बटणांची नावे इंग्रजीत असतील तर ती जशी दिसतात तशीच लिहावीत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आकार जुळवता येतो. फोनची भाषा मराठी असेल तर तीच बटणे मराठीत दिसतील, हेही सांगून ठेवावे. हे सगळे धरून आमच्या उदाहरणातला निरोप असा होईल:

> जय भीम. मधुमेह असलेल्यांसाठी ‘पायांची काळजी’ या विषयावर डॉक्टरांशी बैठक.
>
> रविवार, १४ जून. सकाळी ११ ते पावणेबारा. दार १०.५० ला उघडेल.
>
> लिंक:
>
> `https://meet.google.com/abc-defg-hij`
>
> आत कसे यायचे:
>
> १. वरच्या निळ्या लिंकवर एकदा बोट लावा.
>
> २. फोन माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी विचारेल. `While using the app` किंवा `Allow` दाबा.
>
> ३. तुमचा चेहरा दिसेल. `Join` किंवा `Ask to join` दाबा.
>
> ४. थांबा. आम्ही तुम्हाला आत घेऊ. पुन्हा पुन्हा दाबू नका.
>
> ५. आत आल्यावर माइकच्या चित्रावर बोट लावून आवाज बंद ठेवा. बोलायचे असेल तेव्हा पुन्हा बोट लावा.
>
> जवळ ठेवा: गोळ्यांची रिकामी पाकिटे, साखर तपासल्याचा शेवटचा कागद, छोटा आरसा, वही-पेन. फोन चार्ज करून ठेवा.
>
> अडचण आली तर या ताईंना फोन करा: (इथे मदतनीस ताईंचा नंबर)
>
> पैसे किंवा बँकेचा ओटीपी कुणी मागणार नाही. मागितला तर देऊ नका.

(वरची लिंक नमुन्याची आहे. तिथे आपल्या बैठकीची खरी लिंक घालायची.)

परवानगीची पायरी सर्वांत जास्त अडवते. घाबरून कुणी नकार दाबला की माणूस आत येतो, पण त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. त्याला वाटते, आपल्याकडे कुणी लक्षच देत नाही. असे झाले तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मीट ॲपला माइकची परवानगी पुन्हा द्यावी लागते. ते काम आजींवर सोडू नये, मदतनीसाने करावे.

‘जवळ ठेवा’ ही ओळ विषयाप्रमाणे बदलते, म्हणून ती विचार करून लिहावी. इथे आरसा का? डॉक्टर तळपाय पाहायला सांगणार. गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्वतःचा तळपाय वळून दिसत नाही. आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरला की टाच आणि बोटांमधली जागा दिसते. त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून फोन हातात न धरता डब्याला टेकवून उभा ठेवावा आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसावे. गोळ्यांचे पाकीट हवे, कारण ‘पांढरी गोळी, सकाळची’ एवढ्यावरून डॉक्टरांना औषध ओळखता येत नाही. साखरेच्या आकड्याबरोबर तारीख हवी, आणि तपासणी उपाशीपोटी होती की जेवणानंतर, तेही हवे.

चौथी गोष्ट सरावाची. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच लिंकवर दहा मिनिटे सगळ्यांना बोलवावे. ॲप नसणे, ते जुने असणे, आवाज न जाणे या बहुतेक अडचणी तेव्हाच समोर येतात आणि ॲप उतरवायला रात्र हाताशी असते. आणखी एक गोष्ट सरावातच कळते. फोन नातवाने सुरू करून दिलेला असतो, म्हणून दारात आजींचे नाव न दिसता नातवाचे दिसते. बैठक चालवणारा अनोळखी नाव पाहून आत घेत नाही आणि आजी बाहेर ताटकळतात. कुणाच्या फोनवर कोणते नाव दिसते, याची यादी सरावाच्या वेळीच वहीत करून ठेवावी. अनोळखी माणूस आत येऊ नये यासाठीही ती यादी कामाला येते. याच कारणाने लिंक मोठ्या, सार्वजनिक ग्रुपवर टाकू नये.

बैठक चालवणारा आणि मदत करणारा ही दोन वेगळी माणसे असावीत. बैठक चालू असलेल्या फोनवर कॉल घेतला तर बैठकीचा आवाज थांबतो. म्हणून निरोपातला नंबर मदतनीसाचा द्यावा आणि त्याने स्वतः बैठकीत बसू नये. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी शेजाऱ्याकडे किंवा विहारात एका फोनभोवती बसावे. एकाच खोलीत दोन फोन चालू ठेवले तर कर्कश आवाज घुमतो, त्यामुळे एका खोलीत एकच फोन. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच निरोप मिनिटभराच्या आवाजी संदेशात, सावकाश बोलून पाठवावा.

अशा बैठकीची मर्यादाही निरोप देतानाच सांगावी. दहा-वीस जण ऐकत असताना डॉक्टर सर्वसाधारण माहिती देतील, एकेकाचे औषध बदलणार नाहीत. स्वतःचा आजारही सगळ्यांसमोर सांगायची सक्ती नसावी. एकट्याला डॉक्टरांशी बोलायचे असेल तर सरकारची ई-संजीवनी ही वेगळी सेवा आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारले तर तिथले कर्मचारी तिच्यावरून डॉक्टरांशी जोडून देतात.

पायाला पू आला, बोट काळे पडू लागले, पाय सुजून लाल झाला किंवा जखमेबरोबर ताप आला, तर रविवारच्या बैठकीची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विष्णुपुरीतच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तातडीला रुग्णवाहिका हवी असेल तर १०८ लावावा.

बैठक संपली की वहीतली यादी पुन्हा काढावी आणि कोण आले नाही ते पाहावे. त्याच संध्याकाळी कुणीतरी त्यांच्या घरी जावे, डॉक्टरांनी काय सांगितले ते सांगावे आणि आरसा धरून त्यांचे तळपाय पाहावेत. त्या कुठल्या पायरीवर अडकल्या तेही विचारून यावे. पुढच्या निरोपात ती पायरी अधिक सोपी करून लिहायची आहे.