भाडे उशिरा देण्याची विनंती : मेसेज कसा सुधारावा?

जिवतीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका शेतकऱ्याने घरमालकासाठी हा मेसेज लिहिला आहे, असे समजा :

"काका, या महिन्यात लय अडचण आहे. पैसे आले की भाडे देतो. समजून घ्या."

यात काय चुकले? किती भाडे आणि कधी देणार, हेच काकांना कळत नाही. 'पैसे आले की' ही तारीख नव्हे. 'समजून घ्या' यात विनंती कमी, हुकूम जास्त वाटतो.

आता तारीख कशी ठरवायची ते बघा. व्यापारी म्हणतो, कापसाचा चुकारा 12 तारखेला मिळेल. मग मेसेजमध्ये 12 लिहू नका. चुकारा दोन दिवस लांबला तरी शब्द पाळता यावा, म्हणून 15 लिहा.

सुधारलेला मेसेज :

"नमस्कार काका. डिसेंबरचे 2,000 रुपये भाडे 5 तारखेला द्यायचे आहे. कापसाचा चुकारा अजून मिळाला नाही, म्हणून या वेळी उशीर होतोय. आज 500 रुपये देतो. उरलेले 1,500 रुपये 15 डिसेंबरला संध्याकाळपर्यंत नक्की देतो. तुम्हाला चालेल का?"

कारण एकाच वाक्यात आटोपले. शेवटी प्रश्न आहे, म्हणजे निर्णय काकांकडे राहतो. हा मेसेज 5 तारखेच्या आधीच पाठवा. काकांनी भाडे मागितल्यावर तोच मेसेज सबब वाटतो. आणि 15 तारीखही हुकणार असे दिसले, तर 14 लाच स्वतः फोन करा.

सराव : पगार 18 तारखेला होणार असेल, तर हाच मेसेज तुम्ही कसा लिहाल?